नव्या मोटारसायकलचं रनिंग-इन, आरपीएमची मर्यादा आणि पहिली सर्व्हिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोरूममधून नवी गाडी बाहेर काढताना चावीसोबत एक सूचना हमखास मिळते: "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका." त्यात गिअर कोणता, रस्ता चढाचा की सपाट, ऑइल कधी बदलायचं, यातलं काहीच येत नाही. इंजिनाचं भलंबुरं तर याच गोष्टींवर ठरतं. खालची उत्तरं चार-स्ट्रोक मोटारसायकलींसाठी आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळा. वॉरंटीही त्यावरच अवलंबून असते.

रनिंग-इनच्या काळात इंजिनात नेमकं काय घडतं?

सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत दिसते, पण ती मुद्दाम तशी ठेवलेली नसते. कारखान्यात होनिंग करताना तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढतात. रेघांच्या खोबणीत ऑइल टिकून राहतं. दोन रेघांमधला उंचवटा आणि पिस्टन रिंगची कड एकमेकांवर घासून थोडी थोडी झिजतात आणि शेवटी रिंग भिंतीला सगळीकडून सारखी टेकते. याला रिंग बसणं म्हणतात. रनिंग-इनचं मुख्य काम हेच. गिअरचे दात, क्लच प्लेट, व्हॉल्व्हच्या बैठका याही याच काळात जुळतात, पण रिंग नीट बसली नाही तर पुढे तिची भरपाई सहजासहजी होत नाही.

रिंग भिंतीला दाबून कोण धरतं, हे समजलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप मिळतात. रिंगचा स्वतःचा ताण त्यासाठी फार कमी पडतो. खरा दाब येतो तो जळणाऱ्या वायूचा. पेट्रोल पेटलं की वायू रिंगच्या खाचेत शिरतो आणि तिला मागून भिंतीवर ढकलतो. थ्रॉटल अगदीच थोडं उघडलेलं असेल तर हा दाबही कमी असतो. रिंग भिंतीवर नुसती तरंगत राहते, ऑइलचा थर उष्णतेने भिंतीवरच भाजला जातो आणि रेघांच्या खोबणी त्या चकचकीत थराने भरून जातात. याला ग्लेझिंग म्हणतात. हा थर जाड झाल्यावर पुढे गाडी कितीही पळवली तरी रिंग पूर्ण बसत नाही.

म्हणजे नव्या इंजिनाला थोडा भार हवाच असतो. प्रश्न फक्त किती आणि किती वेळ, एवढाच आहे.

मग "चाळीसच्या वर नको" हा सल्ला चुकीचा आहे का?

ज्या इंजिनांच्या काळात तो तयार झाला, त्या इंजिनांसाठी तो बरोबर होता. बिडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट आणि दोन-स्ट्रोक गाड्या नव्या असताना पिस्टन गरम होऊन फुगायचा आणि सिलिंडरमध्ये अडकायचा. इंजिन जाम व्हायचं ते असं. दोन-स्ट्रोकमध्ये वंगणही पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलचंच असायचं. त्यामुळे वेग कमी, उष्णता कमी, धोका कमी, हे गणित खरं होतं.

आजच्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडरचं माप खूप अचूक असतं, होनिंगही उंचवट्यांची टोकं आधीच सपाट करून केलेलं असतं, आणि पंपाने फिरणारं ऑइल स्वतंत्र असतं. जाम होण्याची भीती जवळजवळ संपली आहे. तो सल्ला मात्र तसाच राहिला, आणि त्यातून आता वेगळीच इजा होते. चाळीसचं बंधन पाळणारा माणूस वरच्या गिअरमध्ये चाळीसने घाट चढतो. नव्या इंजिनाशी करण्यासारख्या गोष्टींत याहून वाईट क्वचितच काही असेल. त्याचा हिशोब पुढे दिला आहे.

आरपीएमची मर्यादा नक्की किती? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

आरपीएम म्हणजे इंजिनाचा क्रँक मिनिटाला जेवढ्या फेऱ्या मारतो तो आकडा. त्याची मर्यादा कंपन्याही वेगवेगळीच सांगतात, आणि त्या फरकातूनच बरंच शिकता येतं. कावासाकी निन्जा ३०० च्या मॅन्युअलमध्ये पहिल्या ८०० किलोमीटरला ४,००० आरपीएम आणि तिथून १,६०० किलोमीटरपर्यंत ६,००० आरपीएमची मर्यादा आहे. केटीएमच्या ३७३ सीसीच्या ३९० ड्यूकला पहिल्या १,००० किलोमीटरपर्यंत ७,५०० आरपीएम चालतात. यामाहाच्या मोठ्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १,००० आणि १,६०० किलोमीटरचे दोन टप्पे असतात, पण तिथे वाक्यरचना महत्त्वाची आहे: अमुक आरपीएमच्या वर "सलग बराच वेळ" चालवू नका. होंडाच्या मॅन्युअलमध्ये बहुधा आकडाच नसतो. पहिले ५०० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल देऊन गाडी उचलू नका, झटक्याने वेग वाढवू नका, खालचा गिअर झटक्यात टाकू नका, असं सांगून ते थांबतात.

आता हे आकडे पिस्टनच्या वेगात बदलून पाहू. क्रँकच्या एका फेरीत पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर जातो, म्हणजे स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो. निन्जा ३०० चा स्ट्रोक ४९ मिलिमीटर आहे. ४,००० आरपीएमला तिचा पिस्टन सरासरी सेकंदाला साडेसहा मीटर धावतो. ड्यूकचा स्ट्रोक ६० मिलिमीटर आहे, म्हणजे ७,५०० आरपीएमला १५ मीटर. रॉयल एनफिल्डच्या आताच्या ३५० इंजिनाचा स्ट्रोक तब्बल ८५.८ मिलिमीटर आहे, म्हणून तिथे ४,००० आरपीएमलाच पिस्टन सेकंदाला साडेअकरा मीटरच्या आसपास पोचलेला असतो. निन्जाला "फक्त चार हजार" म्हणजे संथ चाल. तोच आकडा ३५० एनफिल्डला कमाल टॉर्कचा आहे. म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

यावरून आणखी एक गोष्ट दिसते. साडेसहा मीटर सांगणारी कंपनी आणि पंधरा मीटर सांगणारी कंपनी, दोघींची इंजिनं टिकतात. म्हणजे हा आकडा कड्याच्या टोकासारखा नाही, की एक पाऊल पुढे पडलं आणि सगळं संपलं.

तरीही वरची मर्यादा हवीच, कारण आरपीएम वाढल्यावर पिस्टन वर-खाली उलटण्याचा ताण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४,००० वरून ८,००० ला गेलात की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो. घर्षणाची उष्णताही वाढते, आणि जिथे दोन भाग अजून जुळलेले नाहीत तिथे ती साचते. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर माझ्या मते व्यवहारात असं धरावं: पहिल्या सर्व्हिसपर्यंत सलग चालवताना रेडलाईनच्या अर्ध्याच्या आसपास राहा. त्यानंतर थोडं थोडं वाढवत दीड हजार किलोमीटरच्या पुढे पूर्ण मोकळीक द्या. मध्येच काही सेकंद त्याच्या वर गेलात तरी चिंता नको.

आरपीएम कमी ठेवले की इंजिन सुरक्षित, असं नाही का?

नाही, आणि या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

एक १५० सीसीची पाच गिअरची गाडी घेऊ. पाचव्या गिअरमध्ये ताशी ६० ला तिचे ५,००० आरपीएम होतात असं धरू. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा चढ लागतो. चालवणाऱ्याला चाळीसचं बंधन पाळायचं आहे, म्हणून तो पाचव्याच गिअरमध्ये चाळीसने चढतो. आरपीएम होतात सुमारे ३,३००. काटा अगदी सज्जन दिसतो, पण चढावर वेग टिकवण्यासाठी थ्रॉटल जवळपास पूर्ण पिळलेलं असतं. गाडी धाप टाकते, फूटरेस्टमध्ये धडधड जाणवते, कधी इंजिनातून टकटक ऐकू येते.

त्याच चढावर, त्याच चाळीसच्या वेगाने तो तिसऱ्या गिअरमध्ये गेला असता तर आरपीएम ५,००० च्या आसपास गेले असते. चढ तोच, वेग तोच, वजन तेच, म्हणजे लागणारी शक्तीही तीच. पण ती शक्ती आता दर मिनिटाला ३,३०० ऐवजी ५,००० फेऱ्यांमध्ये वाटली जाते, म्हणून पिस्टनच्या प्रत्येक धक्क्याला सुमारे दोन तृतीयांशच जोर लावावा लागतो. थ्रॉटल निम्म्यावर येतं. ऑइलचा पंप क्रँकच्याच जोरावर फिरतो, त्यामुळे तोही दीडपट वेगाने ऑइल पोचवतो. शिवाय पिस्टन जलद चालतो, तेव्हा भिंतीवरचा ऑइलचा थरही जाड राहतो.

वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला थ्रॉटल पिळणं म्हणजे गाडीला रेटणं. त्यात प्रत्येक स्फोटाचा दाब जास्त असतो, तो जास्त वेळ टिकतो, पिस्टन भिंतीवर आपटतो आणि त्याच वेळी ऑइल कमी असतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला त्या संथ वेगात वाराही लागत नाही. म्हणून पहिल्या हजार किलोमीटरमध्ये नजर जेवढी आरपीएमच्या काट्यावर ठेवता, तेवढंच लक्ष उजव्या मनगटाकडेही द्या. थ्रॉटल निम्म्याच्या पुढे पिळूनही गाडी ओढत नसेल तर गिअर खाली टाका, मग काटा मर्यादेच्या थोडा वर गेला तरी चालेल.

माझ्या गाडीला टॅकोमीटरच नाही. मग कसं ओळखायचं?

आरपीएम दाखवणारा हा काटा क्लासिक ३५० सारख्या कित्येक गाड्यांना नसतो. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये गिअरनुसार कमाल वेगाचा तक्ता देतात. तो असेल तर टाकीवर चिकटवा आणि तसंच चाला. त्या तक्त्याचा अर्थ एवढाच, की अमुक वेग ओलांडायचा असेल तर वरचा गिअर टाका.

तक्ता नसेल तर खालची मर्यादा कानाने आणि पायाने कळते. थ्रॉटल किंचित उघडून पाहा. गाडी लगेच पुढे सरकली तर गिअर योग्य आहे. आवाज नुसता जाड झाला, चेन झटके देऊ लागली आणि वेग वाढलाच नाही, तर गिअर वरचा आहे. वरची मर्यादा ओळखायला कंपन उपयोगी पडतं. हँडल आणि फूटरेस्ट बारीक, मुंग्या आल्यासारखे थरथरू लागले की वरच्या गिअरची वेळ झाली. नव्या गाडीवर दोनचार दिवसांत याचा अंदाज बसतो.

हायवेवर एकाच वेगाने चालवलेलं चालतं का?

थोडा वेळ चालतं, तासन् तास नको. एकाच वेगात रिंग सिलिंडरमध्ये तेवढ्याच दाबाने, तशाच उष्णतेत धावत राहते. सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये हे फार स्पष्ट दिलं आहे: सतत कमी वेगात, हलक्या भारावर चालवलं तर भागांवर ग्लेझिंग होऊन ते बसत नाहीत. ठरलेल्या मर्यादेत राहून गिअर बदलत इंजिनाला मोकळेपणाने वेग घेऊ द्या, मात्र पहिले १,६०० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

करायचं ते साधं आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल निम्मं उघडून वेग घ्या. मर्यादेजवळ आलात की थ्रॉटल सोडा, क्लच न दाबता, गिअरमध्येच गाडीचा वेग उतरू द्या. वेग घेताना वायूचा दाब रिंगला भिंतीवर दाबतो. थ्रॉटल सोडल्यावर सिलिंडरमध्ये जी पोकळी तयार होते, ती थोडं ऑइल वर ओढते, आणि घासून निघालेला चुरा भिंतीवरून धुऊन निघायला त्याची मदत होते. असं मधूनमधून करत राहिलं तर सकाळच्या फेरीत इंजिनाला हवी तेवढी चढउतार मिळते. शहरात ऑफिसला जाता-येताना वेग आपोआप बदलत राहतो, त्यामुळे वेगळं काही करायला नको. तिथे टाळायचं ते सिग्नलला आणि कोंडीत गाडी बराच वेळ नुसती चालू ठेवणं.

ओव्हरटेक करताना चुकून काटा लाल पट्ट्याजवळ गेला. इंजिन गेलं का?

नाही. इंजिन गरम झालेलं असेल तर काही सेकंदांनी काही बिघडत नाही. ट्रकच्या शेजारी अडकून राहण्यापेक्षा तो ओलांडून पुढे गेलात हे योग्यच केलंत. थंड इंजिनावर असं होऊ देऊ नका, इतकंच.

इंटरनेटवर म्हणतात, पहिल्या दिवसापासून जोरात पळवा, तरच रिंग बसतात. खरं आहे का?

त्यामागचं कारण खरं आहे. रिंग बसायला दाब लागतो आणि पहिल्या काही किलोमीटरमध्ये होनिंगच्या रेघा सर्वांत तीक्ष्ण असतात. रेसिंगच्या इंजिनांना याच तत्त्वावर थोड्याच वेळात तयार करतात. पण रेसिंगचं इंजिन पुन्हा पुन्हा उघडलं जातं. ते साठ-सत्तर हजार किलोमीटर चालावं अशी कोणाची अपेक्षा नसते. आपल्याला गिअर, क्लच, व्हॉल्व्ह हेही जपायचे असतात, आणि त्यांना पूर्ण थ्रॉटलच्या उष्णतेचा पहिल्याच दिवशी काही फायदा नसतो. निम्म्या थ्रॉटलने, गिअर बदलत, वेग घेत-सोडत चालवलं तरी रिंगला पुरेसा दाब मिळतो. दोन्ही टोकांच्या मधला हाच मार्ग मला पटतो.

आणखी एक व्यावहारिक बाब. हल्लीच्या गाड्यांचं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, अनेकदा कमाल आरपीएमची नोंद ठेवतं. वॉरंटीचा वाद झाला तर ती नोंद वाचली जाऊ शकते.

सकाळी गाडी स्टार्ट करून किती वेळ उभी ठेवायची?

अर्धा ते एक मिनिट पुरेल. तेवढ्यात ऑइल वर व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. मग गाडी हळू काढा आणि पहिले दोनतीन किलोमीटर थ्रॉटल हलकं ठेवा. दहा मिनिटं स्टँडवर चालू ठेवून "गरम" करणं नव्या इंजिनाला वाईट, कारण त्यात भार शून्य आणि मिश्रण जास्त पेट्रोलचं असतं. उरलेलं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. स्टार्ट केल्याबरोबर जागेवर रेस देणं तर पूर्ण टाळा.

पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटरला की १,००० ला?

आपल्याकडच्या १०० ते ३५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान पहिली सर्व्हिस सांगितलेली असते, सोबत दिवसांची मर्यादाही असते. जे आधी पूर्ण होईल ते धरायचं. मोठ्या परदेशी गाड्यांना सहसा १,००० किलोमीटर सांगतात.

ही सर्व्हिस इतकी महत्त्वाची का, ते ऑइलमध्ये दिसतं. नव्याने टाकी लावलेल्या जात्यातलं पहिलं पीठ कोणी खात नाही, कारण त्यात दगडाची कच असते. पहिल्या ऑइलचं तसंच आहे. रिंग आणि सिलिंडरचा चुरा, गिअरच्या दातांची कड, क्लच प्लेटची भुकटी, जोडणीच्या वेळी राहिलेलं सीलंट, हे सगळं पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच बाहेर पडतं आणि ऑइलमध्ये फिरतं. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांना बहुधा एकच ऑइल असतं, तेही छोट्या गाड्यांत जेमतेम एक लिटर. फिल्टर मोठे कण अडवतो, बारीक कण त्यातूनही निसटतात. काही छोट्या इंजिनांत तर कागदी फिल्टरच नसतो, जाळी आणि गरगर फिरून कण बाजूला टाकणारी वाटी एवढंच असतं. अशा गाडीत घाण बाहेर काढण्याचा खरा मार्ग म्हणजे ऑइल काढून टाकणं. आरपीएमची मर्यादा दोनशे-तीनशेने मोडली तर कदाचित काहीच होणार नाही. पण हे ऑइल दोन-तीन हजार किलोमीटर तसंच ठेवलं तर ते बेअरिंग आणि गिअरचे दात घासत राहतं.

दिवसांची मर्यादाही पोकळ नाही. घर ते ऑफिस चार-पाच किलोमीटर असेल तर इंजिन पूर्ण गरमच होत नाही. ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाण्याची वाफ साचते, ती उडून जायला वेळ मिळत नाही. तीनशेच किलोमीटर झाले म्हणून सर्व्हिस पुढे ढकलू नका. दिवस भरले की जा. चुकवलेल्या फ्री सर्व्हिसवर बोट ठेवून वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हेही लक्षात ठेवा.

५०० किलोमीटरच्या आधीच ऑइल बदललं तर फायदा होतो का?

कागदी फिल्टर असलेल्या गाडीत फारसा नाही. फक्त जाळी असलेल्या छोट्या इंजिनात दोनशे-तीनशे किलोमीटरला एकदा बदललं तर खर्च एका लिटरचा आहे आणि तोटा काही नाही. मात्र ते मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच असावं, पावती जपावी, आणि त्यानंतरही कंपनीची पहिली सर्व्हिस वेळेवरच करावी.

सर्व्हिस सेंटरमध्ये नेमकं काय बघायचं?

जमलं तर समोर उभे राहा. गर्दीच्या दिवशी पहिली सर्व्हिस म्हणजे धुणं, चेनला ल्यूब आणि वरून थोडं ऑइल, एवढ्यावर उरकलेली मी पाहिली आहे. म्हणून जॉब कार्डवर ऑइल आणि फिल्टर, दोन्ही बदलल्याचं स्वतंत्र लिहून घ्या. ऑइल इंजिन गरम असताना काढलं तरच तरंगणारा चुरा सोबत बाहेर येतो. रात्रभर थंड पडलेल्या गाडीचं काढलं तर बराच भाग तळाशी राहतो. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा लावायला सांगा.

निघालेलं ऑइल उजेडात पाहा. बारीक चमक, चंदेरी रंग मिसळल्यासारखी, नव्या गाडीत अपेक्षित आहे. बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर काळपट लेप असतो, तोही ठीक. बोटांना टोचणारे कण, तुकडे किंवा पापुद्रे दिसले तर तिथेच फोटो काढा आणि जॉब कार्डवर नोंद करायला लावा.

ऑइलची पातळी स्वतः तपासा. गाडी सरळ उभी, साइड स्टँडवर नाही. इंजिन थोडं चालवून बंद केल्यावर दोनतीन मिनिटं थांबायचं. डिपस्टिक असेल तर काही गाड्यांत ती नुसती टेकवून माप घेतात, काहींत पूर्ण फिरवून. यात घोळ झाला की ऑइल जास्त किंवा कमी भरलं जातं. जास्त भरलेलं ऑइलही वाईट, ते इंजिनाच्या ब्रीदर पाइपमधून एअर फिल्टरमध्ये जातं.

याशिवाय चेनचा ढिलेपणा, क्लच केबलचा फ्री प्ले, स्पोकचं चाक असेल तर स्पोकचा ताण, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स. नव्या व्हॉल्व्हच्या बैठका जमताना हे अंतर बदलतं. कमी झालं तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि हळूहळू जळतो, आणि बाहेरून आवाजही येत नाही.

पहिल्या सर्व्हिसला सिंथेटिक ऑइल घालू का?

मॅन्युअलमधली ग्रेड आणि जासो एमए किंवा एमए२ ही मोटारसायकल ऑइलची खूण जुळत असेल तर घाला. सिंथेटिकमुळे रिंग बसत नाही ही जुनी धारणा आहे. कित्येक गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक घेऊन निघतात. कारचं ऑइल मात्र नको, त्यातले घर्षण कमी करणारे घटक ओल्या क्लचला घसरवू शकतात. त्याच कारणाने बाटलीतून मिळणारी "इंजिन ट्रीटमेंट"ही नको. जिथे आपल्याला थोडं घर्षण हवं आहे, तिथेच ती आड येते.

डबल सीट चालेल का?

सपाट रस्त्यावर चालेल. पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये डबल सीट आणि सामान घेऊन मोठा घाट टाळता आला तर टाळा. जावंच लागलं तर एक गिअर खालचा ठेवा आणि वर पोचल्यावर इंजिनाला पाच-दहा मिनिटं विसावा द्या. नवे टायर आणि ब्रेक पहिले शे-दीडशे किलोमीटर पूर्ण पकड देत नाहीत, उतारावर हे जास्त महत्त्वाचं.

रनिंग-इन बिघडलं आहे हे कसं ओळखू?

सर्वांत भरवशाची खूण ऑइलच्या पातळीत मिळते. पहिल्या सर्व्हिसनंतर पातळी वरच्या खुणेला असताना ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दर पाचशे किलोमीटरला त्याच पद्धतीने पाहा. पहिल्या हजारात थोडं ऑइल जाणं मान्य आहे. दीड-दोन हजारांनंतरही दर वेळी पातळी तेवढीच उतरत असेल, आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर ते ऑइल जळतंय.

दुसरी खूण धूर. मोठ्या उतारावरून गिअरमध्ये उतरून आल्यावर थ्रॉटल उघडताना निळसर धूर आला तर ऑइल वर चढतंय, रिंगमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून. जोर लावताना सतत निळा धूर येत असेल आणि एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचत असेल, तर संशय रिंगवरच जास्त. थंड सकाळी येणारा पांढरा धूर वाफेचा असतो, तो गाडी गरम झाल्यावर थांबतो.

गिअर थोडे कडक असणं, पिकअप जरा जड वाटणं, सायलेन्सर निळसर-सोनेरी होणं, पहिल्या दिवशी गरम इंजिनातून जळका वास येणं, या काळजीच्या गोष्टी नाहीत. इंजिन मोकळं होतं तसं यातलं बरंच जातं.

ऑइल जळणं ठरलंच, तर ऑइल जाड करून ते लपवू नका. सर्व्हिस सेंटरला कॉम्प्रेशन किंवा लीक-डाउन टेस्ट करायला सांगा, आकडे जॉब कार्डवर घ्या. सुरुवातीलाच लक्षात आलं आणि ग्लेझिंग हलकं असेल तर ऑइल बदलून, निम्म्या थ्रॉटलने वेग घेत-सोडत काही दिवस चालवून फरक पडू शकतो. तरीही पातळी उतरतच राहिली तर सिलिंडर पुन्हा होन करून नव्या रिंग टाकणं हाच उपाय. ज्या सिलिंडरवर लायनरऐवजी निकेलचा कठीण मुलामा असतो, तिथे साध्या होनिंगने काम भागत नाही, कित्येकदा सिलिंडरच बदलावा लागतो. म्हणून हा दावा वॉरंटी चालू असतानाच, ऑइलच्या नोंदी आणि पहिल्या सर्व्हिसची पावती सोबत घेऊन करा.